बोली कोणाच्या तोंडी?

एलेना फेरान्तेची ‘माय ब्रिलियंट फ्रेंड’ आणि आन्द्रेआ कामिल्लेरीची ‘द टेराकोटा डॉग’ या इटालियन कादंबऱ्या आपल्याकडे बहुतेकांनी इंग्रजीतून वाचल्या. पहिलीत नेपल्सची बोली आहे, दुसरीत सिसिलीची.

फेरान्तेची अनुवादक अ‍ॅन गोल्डस्टीन बोलीची नक्कल करत नाही. पात्र बोलीत बोललं, एवढं सांगून ती वाक्य साध्या इंग्रजीत देते. यात अनुवाद तोकडा पडल्यासारखं वाटतं, पण मूळ पुस्तकातही बहुतेक ठिकाणी असंच आहे. कथा सांगणारी एलेना शिकून, प्रमाण इटालियनचा हात धरून वस्तीबाहेर पडलेली बाई आहे. बोली म्हणजे तिची आई, शिव्या, मारहाण. ती बोलीचा उल्लेख करते, पण कागदावर फारशी येऊ देत नाही. हा दुरावा इंग्रजीत शाबूत राहतो. हरवतं ते वेगळंच. इटालियन वाचक त्या मोकळ्या जागी नेपल्सचा आवाज स्वतः भरतो. इंग्रजी वाचकाला तिथे काहीच ऐकू येत नाही. शिवाय कोण कोणाला ‘तू’ म्हणतं आणि कोण ‘तुम्ही’, हेही इंग्रजीत सपाट होतं. मराठीत ते सहज टिकलं असतं.

कामिल्लेरीचा अनुवादक स्टीफन सार्तारेल्ली जास्त धाडस करतो. पोलीस ठाण्यातल्या कातारेल्लाच्या मोडक्यातोडक्या भाषेला तो न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचं वळण देतो, शब्दांची तोडमोड नव्याने घडवतो. वाचताना मजा येते. शेवटी टिपाही आहेत; त्यांतून सिसिलीची माहिती मिळते. तरीही माझ्या मते नुकसान इथेच मोठं आहे. मुळात बोली एकट्या कातारेल्लाची नाही. इन्स्पेक्टर मोन्ताल्बानो जवळच्या माणसांशी बोलताना तिच्यात शिरतो आणि खुद्द निवेदनातही सिसिलियन शब्द मिसळलेले असतात. मिलानचा वाचक ‘तालियारे’ म्हणजे पाहणे, हे संदर्भावरून शिकत जातो. इंग्रजीत निवेदन प्रमाण झालं आणि बोलीचा रंग मुख्यतः हास्यास्पद शिपायाच्या तोंडी उरला. लेखकाने बोलीला दिलेला मान त्यात गेला.

निवेदनच बोलीत असणं मराठी वाचकाला नवं नाही. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) नारबा सगळी कथा आपल्या बोलीत सांगतो आणि शहरातला वाचक ती समजून घेतो. पण कामिल्लेरी मराठीत आणताना सरळ कोल्हापुरी वापरली, तर त्याचं विगाता गाव पंचगंगेकाठी येऊन बसेल. त्यापेक्षा वाक्यरचना प्रमाण ठेवून दहा-वीस बोलीशब्द निवेदनात पहिल्या पानापासून पुन्हा पुन्हा, अर्थ न सांगता यावेत आणि तेच शब्द मोन्ताल्बानोच्या तोंडीही असावेत. कातारेल्लाची तोडमोड त्याहून वेगळी ठेवायला हवी.