गाळलेली जागा की गाळलेला प्रश्न?
लंडनमध्ये संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकताय? मग ‘तानाका-सान ___ किमाशिता’, म्हणजे ‘तानाका आले’, अशी रिकामी जागा तुम्ही भरलीच असेल. ‘वा’ की ‘गा’? नुसत्या या वाक्यात दोन्ही बसतात, त्यामुळे एकालाच बरोबरची खूण देणं अन्याय आहे.

‘कोण आलं?’ असं विचारलं, तर ‘गा’; नवी माहिती तानाका हीच. ‘तानाका आले का?’ विचारलं, तर ‘वा’. तानाकांचा विषय आधीच निघालाय. पहिल्या प्रश्नाला ‘वा’ लावलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल, ‘तानाका तर आले, बाकीच्यांचं माहीत नाही.’ आपला ‘तर’ तेच करतो.

‘दारे ___ किमाशिता का’ (कोण आलं?) ही जागा मात्र रास्त, कारण ‘दारे’ला इथे ‘गा’च लागतो. बाकी वाक्यांआधी प्रश्न छापायलाच हवा.