फोटोओळीतला तिसरा वाचक

साताऱ्याच्या कास पठारावरची फुले आणि मिरजेची तंतुवाद्ये यांचे फोटो आज पुण्यामुंबईप्रमाणे दुबई, लंडन आणि न्यू जर्सीतही मोबाइलवर पाहिले जातात. त्यांखालची ओळ बहुधा अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी असते. अशा ओळी मी काही वर्षे वहीत उतरवून घेतो आहे. त्या लिहिणारा दोनच वाचक धरून चालतो, मराठी जाणणारा आणि न जाणणारा. तिसरा त्याच्या नजरेतून सुटतो. परदेशात वाढलेल्या नातीला आजीचे बोलणे कळते, पण देवनागरी वाचता येत नाही. तिच्यासाठी मराठी अर्धा भाग म्हणजे नुसती नक्षी, आणि इंग्रजी अर्ध्यात तिच्या ओळखीचा एकही शब्द उरलेला नसतो.

कासच्या 'सीतेची आसवे' या चिमुकल्या जांभळ्या फुलाखाली इंग्रजीत 'टिअर्स ऑफ सीता' असे लिहिलेले अनेकदा आढळते. हे भाषांतर चूक नाही, निरुपयोगी आहे. मूळ नाव रोमन लिपीत नसल्याने नात ते आजीला फोनवर सांगू शकत नाही. शास्त्रीय नाव नसल्याने परक्या वाचकाला कुठे शोधताही येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत देवनागरी नाव, लगेच `Sitechi Aasave`, आणि मग `Utricularia purpurascens` असे यावे. पडद्यावर सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात, बाकी मजकूर बोट लावल्यावर उघडतो. मराठी परिच्छेद आधी आणि इंग्रजी खाली अशी मांडणी केली, तर इंग्रजी वाचणारा तिथवर पोचतच नाही.

नावानंतर मात्र दोन्ही भाषांनी एकच सांगायचे कारण नाही. मराठी वाचकाला सीतेची कथा ठाऊक असते. कातळावरच्या पातळ मातीत नायट्रोजन कमी, म्हणून ही वनस्पती बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरते, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. इंग्रजी वाचकाचे बहुधा उलट. त्याला शास्त्रीय नावावरून कीटकभक्षण कळेल, पण आसवे कोणाची आणि कशासाठी, हे सांगावे लागेल. (कासच्याच वायतुऱ्याचा तुरा वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो. दोन भाषा तिथे नावातच एकत्र नांदताना मला दिसतात.)

सांगली जिल्ह्यात, मिरजेत, प्रश्न अधिक अवघड होतो. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे दूरचे गिऱ्हाईकही या ओळी वाचते. मराठीत तांबडा तो भोपळा आणि दुधी तोही भोपळाच. 'पम्पकिन' लिहिले की अमेरिकेतल्या वाचकापुढे केशरी भाजी उभी राहते. वाद्याचा भोपळा दुधीच्या कुळातला, वाळून कडक झालेला, म्हणून तिथे 'गोर्ड' हवे. 'घोडी'चे 'हॉर्स' करू नये, 'ब्रिज' हा रुळलेला शब्द आहे. इथे भाषांतर पुरते.

'जवारी'ला पुरत नाही. 'बझ' म्हटले तर वाद्य बिघडल्यासारखे वाटते, आणि 'ट्यूनिंग' म्हटले तर खुंट्या पिळणे समजले जाते. प्रत्यक्षात कारागीर घोडीचा रुंद माथा अगदी हलक्या उतारात घासतो. तार कंप पावताना त्या उताराला पुनःपुन्हा स्पर्श करते आणि मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर खुलतात. तंबोऱ्यात तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. तारांच्या घर्षणाने माथ्याला चरे पडले की आवाज मिटतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. तेव्हा शब्द `jawari` असाच ठेवावा आणि कृती एका वाक्यात सांगावी: घोडीचा माथा घासून तारेचा आवाज उघडण्याचे काम. परदेशातल्या विद्यार्थ्याला याचा रोखठोक उपयोग आहे. आवाज मिटल्यावर तार बदलायची की जवारी काढून घ्यायची, हे त्याला त्या ओळीवरून ठरवता येते.

ओळ तपासायला मी एक साधा उपाय करतो. देवनागरी भाग हाताने झाकायचा आणि उरलेल्यातून वस्तूचे मराठी नाव मोठ्याने म्हणता येते का, ते पाहायचे. मग इंग्रजी झाकून मराठी वाचकाला काही नवे मिळते का, हे पाहायचे. माझ्या वहीतल्या बऱ्याच ओळी पहिल्याच कसोटीवर अडखळतात.

'हस्तिदंती नक्षी' हा शब्दप्रयोग दोन्ही कसोट्यांतून निसटतो. मराठीत तो निव्वळ रंगाचे वर्णन म्हणूनही चालतो आणि आजची ही नक्षी सहसा प्लास्टिकची असते. इंग्रजीत 'आयव्हरी इनले' लिहिले की अर्थ पदार्थाकडे झुकतो, आणि हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी असल्याने असे वर्णन लावलेले वाद्य विमानतळावरच्या तपासणीत अडकू शकते. इंग्रजीत सरळ 'प्लास्टिक' लिहावे, आणि मराठीतही तेच लिहायला हरकत नसावी.