सहा आठवडे आणि दोन वर्षे

मूळव्याधीच्या शस्त्रक्रियांमध्ये कल्पना म्हणून सर्वांत देखणी स्टेपलरची. गुदमार्गातल्या दंतुर रेषेच्या खालची त्वचा अतिशय हळवी असते, तर वरच्या अस्तराला कापल्याची वेदना फारशी कळत नाही. मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली मांडलेल्या रीतीत कोंब कापून काढतात आणि जखमा उघड्या ठेवतात. त्या नेमक्या हळव्या भागात येतात, म्हणून रुग्णाला पहिल्या शौचाची धास्ती वाटते.

इटलीच्या अंतोनियो लोंगो यांनी १९९८ मध्ये स्टेपलरची पद्धत मांडताना कोंबांना हात न लावण्याचं ठरवलं. रेषेच्या बरंच वर अस्तरात गोल टाका ओवायचा, तो स्टेपलरच्या तोंडात ओढून घ्यायचा आणि खटका दाबायचा. अस्तराची एक कडी कापली जाते, कडा पिनांनी सांधल्या जातात आणि घसरलेले कोंब वर खेचले जातात. सगळी कसोटी त्या टाक्याची. तो खाली उतरला तर दुखणं टळत नाही; फार खोल गेला तर कडीत स्नायू येतो, स्त्रियांमध्ये योनीची भिंतही सापडू शकते. म्हणून जाणता सर्जन बाहेर आलेली कडी आधी निरखून पाहतो.

या देखणेपणाचा कस ब्रिटनमधल्या ७७७ रुग्णांच्या ‘इथॉस’ चाचणीने लावला. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा अहवाल मला आवडतो, कारण तो सहा आठवड्यांवर थांबत नाही. तिथवर स्टेपलरची सरशी आहे, दुखणं कमी. मात्र दोन वर्षांनी त्रास परतल्याचं सांगणारे स्टेपलरच्या गटात ४२ टक्के होते, कापण्याच्या गटात २५. दोन्ही वर्षांचं जगणं एकत्र जोखलं तरी जुनी रीतच पुढे. कोंब जागेवर ठेवून फक्त वर टांगले, तर ते पुन्हा उतरू शकतात. बाहेरची लोंबती त्वचा तर तशीच राहते.

डॉप्लरची वाट आणखी सौम्य. जपानमध्ये १९९५ साली मोरिनागा यांनी ती दाखवली: रक्तप्रवाहाचा आवाज ऐकून धमन्या शोधायच्या आणि टाक्याने बांधायच्या. कापणं नाही, त्यामुळे माणूस लवकर कामाला लागतो. उतरणारा कोंब असेल तर तो टाक्यांनी वर बांधून घेतात. तरीही फ्रान्समधल्या ‘लिगालोंगो’ चाचणीत वर्षभराने तिसऱ्या पायरीचे कोंब डॉप्लरच्या १५ टक्के रुग्णांत उरले होते, स्टेपलरच्या ५ टक्क्यांत.

रक्त जातं, पण कोंब फारसे उतरत नाहीत, अशा माणसाला मी डॉप्लर सुचवीन. मोठे कोंब बाहेरच्या त्वचेसह कायम लोंबत असतील तर मात्र मिलिगन-मॉर्गनच. तिथलं कसब दोन जखमांमध्ये राखलेल्या त्वचेच्या पट्ट्यांत दिसतं: त्या अरुंद राहिल्या तर जखम भरताना गुदद्वार आकसतं, आणि दुखणं ओसरून गेल्यावरही शौचाला जोर करावा लागतो.