५४ व्होल्ट, ०.९१ अँगस्ट्रॉम आणि सूत्रातला V

मागच्या महिन्यात अकोल्याहून एक ज्युनिअर आला होता. पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय. वहीत डेव्हिसन–जर्मर प्रयोग व्यवस्थित लिहिलेला, आकृती काढलेली, खाली १.६५ आणि १.६७ अशी दोन उत्तरं चौकटीत. त्यानं एका आकड्यावर बोट ठेवलं. "दादा, निकेलचं अंतर एका पुस्तकात २.१५ दिलंय, दुसऱ्यात ०.९१. मले सांगा, खरं कोणतं?"

खरं सांगायचं तर मी एमएस्सीला असताना हा प्रश्न मला पडलाच नव्हता. दोन्ही आकड्यांनी उत्तर १.६५ येतं, मार्क मिळतात, विषय संपतो. त्याच्यासाठी कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं की गडबड मोठी आहे, आणि ती आपल्याकडं सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी एकात, आर्थर बायझर यांच्या 'कन्सेप्ट्स ऑफ मॉडर्न फिजिक्स'मध्ये आहे. पुस्तक चांगलं आहे. मी स्वतः त्यावरच शिकलो. म्हणूनच हे लिहितोय.

सुरुवात सूत्रापासून. इलेक्ट्रॉन V व्होल्टमधून गेला की त्याला eV एवढी गतिज ऊर्जा मिळते. त्यावरून संवेग काढायचा, डी ब्रॉग्लीच्या λ = h/p मध्ये टाकायचा, की अँगस्ट्रॉममध्ये हे मिळतं:

λ = 12.27/√V

५४ व्होल्ट टाका, १.६७ अँगस्ट्रॉम येतं. इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही.

आता प्रयोग. १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या एकल स्फटिकावर इलेक्ट्रॉनचा झोत सरळ, पृष्ठभागाला लंब सोडला. परत येणारे इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात जास्त येतात ते मोजलं. ५४ व्होल्टला झोताच्या दिशेपासून ५० अंशांवर ठळक शिखर मिळालं. (त्याआधी १९२५ मध्ये नळी फुटून निकेलवर ऑक्साइड चढलं, ते काढायला तापवताना मोठे स्फटिक तयार झाले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. आकडे मात्र कमी जणांना तपासावेसे वाटतात.)

त्यांनी तरंगलांबी काढली ती अशी. निकेलच्या या पृष्ठभागावर अणूंच्या रांगा २.१५ अँगस्ट्रॉम अंतरावर असतात. पृष्ठभाग म्हणजे एक जाळी, ग्रेटिंग. पहिल्या क्रमासाठी λ = D sin φ, म्हणजे २.१५ × sin ५०° = १.६५. डी ब्रॉग्लीचं उत्तर १.६७. फरक साधारण एक टक्क्याचा आहे आणि कोन ५० ऐवजी ५१ असता तर तोही उरला नसता. उत्तम.

बायझर यांची मांडणी वेगळी आहे. त्यांना ब्रॅगचा नियम वापरायचा आहे, कारण तो विद्यार्थ्याला क्ष-किरणांमुळं आधीच माहीत असतो. मग ते स्फटिकात तिरपी पातळी घेतात. येणारा झोत आणि जाणारा झोत यांच्यात ५० अंश, म्हणून पातळीशी कोन ६५ अंश. पातळ्यांमधलं अंतर ०.०९१ नॅनोमीटर, म्हणजे ०.९१ अँगस्ट्रॉम, जे क्ष-किरणांनी मोजता येतं असं ते सांगतात. 2d sin θ मध्ये टाकलं की पुन्हा १.६५.

आता हे तपासून पाहा. निकेलचा घन एकक ३.५२ अँगस्ट्रॉमचा, फलककेंद्री. त्यातल्या (२२२) पातळ्यांचं अंतर १.०२, (४००)चं ०.८८, (३३१)चं ०.८१. यांच्या अधेमधे ०.९१ कुठंच बसत नाही. मग हा आकडा आला कुठून? २.१५ ला sin २५° नं गुणा. ०.९१ येतं. २५ म्हणजे ५० चा अर्धा. म्हणजे पातळीचा तिरपेपणा आपण बघितलेल्या शिखरावरूनच ठरवला आणि अंतरही त्यावरूनच काढलं. मग 2d sin ६५° म्हणजे २ × २.१५ × sin २५° × cos २५°, आणि हे अकरावीच्या त्रिकोणमितीनं २.१५ × sin ५०° च आहे. दुसरी पद्धत दुसरी नाहीच. पहिल्याच समीकरणाला वेगळा सदरा घातलाय. ती स्वतंत्र पडताळणी म्हणून शिकवली जाते, हा माझा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा, कारण या सदऱ्याखाली खरं भौतिकशास्त्र झाकलं जातं. झोत सरळ आत जातो असं धरून खऱ्या पातळ्यांवर ब्रॅग लावून बघू. या शिखराच्या दिशेला जवळची पातळी (३३१). ती पृष्ठभागाशी २२ अंश तिरपी आहे, अंतर ०.८१. आरशासारखा परावर्तित झोत ४४ अंशांवर यायला हवा, आणि ब्रॅगच्या अटीसाठी तरंगलांबी १.५० अँगस्ट्रॉम हवी. सूत्र उलटं फिरवलं तर त्यासाठी ६७ व्होल्ट लागतात. म्हणजे साधा ब्रॅग म्हणतो शिखर ६७ व्होल्टला ४४ अंशांवर दिसेल. प्रत्यक्षात ते दिसलं ५४ व्होल्टला ५० अंशांवर. चूक थोडीथोडकी नाही, १३ व्होल्टची आहे.

डेव्हिसन आणि जर्मर यांनाही हे खटकलं होतं. क्ष-किरणांशी जुळवायचं तर स्फटिक लंब दिशेत सुमारे ०.७ पट आकसलेला मानावा लागेल, असं त्यांनी १९२७ च्या 'नेचर'मधल्या टिपणात मांडलं होतं. पुढं बेटे यांनी त्याचं कारण दाखवलं. स्फटिक आकसलेला नाही, इलेक्ट्रॉन आत गेल्यावर जास्त वेगवान होतो. धातूच्या आत सरासरी विभव बाहेरच्यापेक्षा काही व्होल्टनं धन असतं. त्याला इनर पोटेन्शियल म्हणतात. बाहेर ५४, आत त्यात साधारण १३ ची भर, म्हणजे ६७. आतली तरंगलांबी १.५०, ब्रॅगला हवी तेवढीच. मग ४४ अंशांवरून निघालेला झोत पृष्ठभागातून बाहेर येताना वाकतो, जसा पाण्यातून हवेत येणारा प्रकाश वाकतो, आणि तो सुमारे ५० अंशांवर बाहेर पडतो. (हा हिशेब ढोबळ आहे. एवढ्या कमी ऊर्जेला इलेक्ट्रॉन मोजक्याच थरांत शिरतात, शिखर रुंद असतं, त्यामुळं १३ हा आकडा एखाद्या व्होल्टनं इकडं तिकडं धरा.)

यातून पृष्ठभागाचं साधं सूत्र बरोबर का येतं तेही कळतं. वाकताना संवेगाचा पृष्ठभागाला समांतर घटक बदलत नाही. D sin φ मध्ये फक्त तोच घटक आहे, म्हणून आतल्या १३ व्होल्टचा त्याला पत्ताच लागत नाही. कोन कोणताही V घेतला तरी हे सूत्र सांगतं: ४० व्होल्टला ६४ अंश, ६८ व्होल्टला ४४. पण शिखर ५४ लाच सगळ्यात ठळक का, हे ते सांगू शकत नाही. ते खोलीतल्या थरांमुळं ठरतं, आणि तिथं आतलाच V लागतो.

बायझर यांच्यावर अन्याय नको. पुढं एका परिच्छेदात ते सांगतात की विश्लेषण दिसतं तेवढं सरळ नाही, इलेक्ट्रॉनची ऊर्जा स्फटिकात वाढते. पण वाढ वर्क फंक्शनएवढी असं ते म्हणतात. निकेलचं वर्क फंक्शन ५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. आपल्याला हवेत १३. इनर पोटेन्शियलमध्ये वर्क फंक्शन अधिक पट्ट्याच्या तळापासून मोजलेली फर्मी ऊर्जा, असं दोन्ही येतं. आणि हे सांगूनही वरचा ०.९१ ते तसाच ठेवतात. वाचणारा पोरगा परिच्छेद सोडतो, आकडा पाठ करतो.

म्हणजे मुद्दा सूत्राचा नाही. त्यात कोणता V टाकायचा, हा आहे. एमएस्सीच्या प्रयोगातल्या ग्राफाइटच्या नळीत ४००० व्होल्ट असतात. तिथं दहा-पंधरा व्होल्टची भर पडली तरी तरंगलांबी पाव टक्काही बदलत नाही. λ = ०.१९४ अँगस्ट्रॉम घ्या, पडदा १३५ मिलिमीटरवर असेल तर २.१३ आणि १.२३ अँगस्ट्रॉमच्या पातळ्यांची कडी सुमारे २५ आणि ४३ मिलिमीटर व्यासाची मिळतात. तिथं निवांत राहा.

दुसऱ्या टोकाला मात्र मी स्वतः पडलो. आमच्याकडं फेराइटचे नमुने बनतात, टीईएमसाठी ते बाहेर पाठवावे लागतात. २०० किलोव्होल्टवर घेतलेल्या कड्यांच्या चित्रावरून मी कोबाल्ट फेराइटची अंतरं काढली. कॅमेरा लेंथ फाइलमधून घेतली, λ साठी सवयीनं 12.27/√V. आलं ०.०२७४. (३११) साठी २.५३ यायला हवं होतं, आलं २.७७. दोन दिवस मी जाळी ताणली गेली असं समजत होतो. सल्ला विचारायच्या आधीच एक खूण दिसायला हवी होती: सगळीच कडी एकाच पटीनं, सव्वानऊ-साडेनऊ टक्क्यांनी, मोठी होती. कड्यांची आपसातली गुणोत्तरं अचूक, म्हणून निर्देशांकही बरोबर लागत होते. असं झालं की नमुन्याला दोष देऊ नका, λ किंवा L चुकलाय.

२०० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ०.७ पट वेगानं जातो. सापेक्षतेची दुरुस्ती करायची सोपी पद्धत म्हणजे सूत्र तेच ठेवायचं आणि V च्या जागी हे टाकायचं:

V* = V (1 + 0.9785×10⁻⁶ V)

२,००,००० चे २,३९,१४० होतात, आणि λ येते ०.०२५१ अँगस्ट्रॉम. माझी २.७७ लगेच २.५३ वर आली.

पण त्याहून चांगला रस्ता लॅबमधल्या तंत्रज्ञानं सांगितला. त्याच सेटिंगवर सोन्याच्या पातळ थराचं चित्र घ्यायचं. सोन्याचं (१११) अंतर २.३५५ अँगस्ट्रॉम हे माहीत आहे. त्याच्या कड्याची त्रिज्या मोजून गुणायची, की λL हा पूर्ण गुणाकार एकदम हातात येतो. नंतर तुमच्या कड्याच्या त्रिज्येनं त्याला भागायचं. λ वेगळी काढायचीच गरज नाही, आणि यंत्रावर लिहिलेली कॅमेरा लेंथ दोन-चार टक्के इकडं तिकडं असली तरी तीही यातच सुधारते. आता नमुना पाठवताना मी चिठ्ठीवर पहिलीच ओळ लिहितो: सोन्याचं चित्रही त्याच सेटिंगवर घ्यावं.

अकोल्याच्या पोराला मी ०.९१ खोडायला लावलं. २.१५ राहू दिला.