आईला हाक, आईवरून शिवी

दाराच्या फटीत बोट सापडलं की मराठी माणूस ‘आई गं!’ म्हणतो, बंगाली ‘मा गो!’, तमिळ ‘अम्मा!’. रूप संबोधनाचं आहे, पण कुणी येईल या अपेक्षेनं ही हाक मारलेली नसते. आई हयात नसलेला माणूसही तसंच ओरडतो. रोमान याकबसननं भाषेच्या भावदर्शक आणि श्रोत्याला उद्देशून असणाऱ्या कार्यांत फरक केला होता. इथे रूप दुसऱ्याचं आणि काम पहिल्याचं, अशी अदलाबदल झालेली दिसते.

शिवीचं तसं नाही. तिला ‘तू’ लागतो, निदान ज्याच्यावर ती रोखायची असा कुणीतरी लागतो. पण हाच ‘तू’ गळून पडला तर?

मराठी कथेत एक माणूस बसस्टॉपवर एकटाच खिसे चाचपतो आणि पुटपुटतो, ‘च्यायला, पाकीट घरीच राहिलं!’ हिंदी अनुवादाच्या पहिल्या खर्ड्यात मी इथे आईवरची सबंध शिवी घातली होती. व्युत्पत्ती चुकली नव्हती: ‘त्याच्या आईला’, मग ‘त्याच्यायला’, मग ‘च्यायला’, आणि शेवटी नुसतं ‘आयला’. पण माझं पात्र एका शब्दानं शिवराळ झालं. मूळ शिवीतलं क्रियापद केव्हाच गेलं होतं, पाठोपाठ सर्वनामही गेलं. उरली चतुर्थीतली आई आणि स्वतःवरचा वैताग. त्या बसस्टॉपवर अपमान करून घ्यायला दुसरं कुणी नव्हतंच.

दुसऱ्या खर्ड्यात ‘ओ तेरी!’ घातलं. गंमत अशी की हिंदीनं तीच शिवी उलट्या बाजूनं कापली आहे. मराठीनं आई ठेवून ‘कुणाची’ हे गाळलं. हिंदीनं ‘तेरी’ ठेवून आई गाळली. दोन्हीकडे वाक्य अर्धवट तुटलं, आणि तुटलं म्हणूनच त्याचं केवलप्रयोगी अव्यय झालं.

कसोटी सोपी आहे. गाळलेलं परत जोडून पाहावं. ‘तुझ्यायला’ म्हटलं की समोरचा माणूस पुन्हा उभा राहतो आणि भांडण सुरू होऊ शकतं. किळसेच्या ‘शी!’लाही हीच कसोटी लागते. नासलेल्या दुधावरचं ‘शी!’ हा उद्गार. तेच कुणाच्या ताटाकडे, मग त्याच्या तोंडाकडे पाहून म्हटलं तर अपमान. अक्षर एकच, नजर वेगळी. अनुवादकाला ही नजर शब्दकोशात मिळत नाही, प्रसंगात शोधावी लागते.

तरी ‘च्यायला’ पूर्ण धुऊन निघालेलं नाही. मित्रांत ते सहज खपतं, आजीसमोर जीभ चावली जाते. म्हणून ‘अरेरे’ किंवा ‘अरे बाप रे’ हेही त्याचे खरे पर्याय नव्हेत. ते फार स्वच्छ आहेत. ‘ओ तेरी’वर मात्र तेवढाच मळ शिल्लक आहे, आणि अनुवादात तो मळही उतरायला हवा.