पहिल्या पानाची मराठी

भाषांतर मुळाबरहुकूम असावें कीं वाचकाच्या कानाला रुचेल असें असावें, हा वाद मराठींत जुना आहे. पण तो आजवर बहुधा ग्रंथांपुरता चालत आला. ग्रंथाचा वाचक पुस्तक हातीं घेऊन बसलेला असतो. पहिलें पान रुक्ष निघालें तरी तो दुसरें उलटतो. मोबाइलच्या पडद्यावर एकामागून एक पानें बोटानें सरकवीत जी माला वाचावयाची असते, जिला 'कॅरोसेल' म्हणतात, तिचा वाचक असा बसलेला नसतो. त्याचा अंगठा चालूच असतो. पहिल्या पानावरच्या सहा-सात शब्दांनीं तो थांबला तर थांबला. नाहीं तर मागच्या पानांवर कितीही उपयुक्त मजकूर असो, तो न वाचलेलाच राहतो. या पहिल्या ओळीला त्या व्यवसायांत 'हुक' असें नांव आहे. इन्स्टाग्रामवर २०१७ सालीं अशा मालेची सोय झाली तेव्हां तींत दहा पानें मावत. २०२४ पासून वीस मावतात. पानें दुप्पट झालीं, तरी इंग्रजी मालेचें मराठी रूप साधतें किंवा फसतें तें पहिल्या पानावरच, असें आमचें मत आहे.

हें दाखविण्यासाठीं एकच विषय घेऊं, आणि तोही असा कीं जेथें ओळ फसली तर घरांतल्या कोणाची तरी पुंजी जाऊं शकते. 'डिजिटल अरेस्ट' या नांवाची फसवणूक आतां बहुतेक घरांना ऐकून तरी ठाऊक आहे. फोन येतो, तुमच्या नांवाचें पार्सल पकडलें आहे, त्यांत अमली पदार्थ आहेत, असें सांगितलें जातें, मग व्हिडिओ कॉलवर गणवेशांतला एक मनुष्य दिसतो, कॅमेऱ्यासमोरून उठूं नका व कोणाशीं बोलूं नका असें दरडावतो, आणि शेवटीं 'तपासणी'साठीं पैसे पाठवावयास लावतो. याविरुद्ध सावध करणाऱ्या इंग्रजी माला पुष्कळ निघतात व त्यांचीं मराठी रूपेंही निघतात. पुढील पानें आम्हीं नमुन्यादाखल जुळविलीं आहेत. पण त्यांतले दोष वाचकांस रोज भेटणारेच वाटतील.

इंग्रजी पहिलें पान असें समजूं : 'यू आर अंडर अरेस्ट. ऑर आर यू?' याचें शब्दशः मराठी होतें : 'तुम्ही अटकेत आहात. किंवा आहात का?' व्याकरणाची चूक काढतां येणार नाहीं, तरी हें वाक्य कोणीही मराठी माणूस उच्चारणार नाहीं. इंग्रजींत क्रियापद कर्त्याच्या आधीं आणिलें कीं तेवढ्यानेंच शंका उभी राहते. शब्द तेच, फक्त जागा बदलली. ही सोय मराठींत नाहीं. आपल्याकडे 'का' लावल्यानें साधा प्रश्न होतो, संशय होत नाहीं. शिवाय पहिलें वाक्यही आपल्या पोलिसाच्या तोंडचें नव्हे. कोणी थोडें सुधारून लिहितो : 'तुम्हांला खरेंच अटक झाली आहे का?' हें मराठी झालें खरें, पण यांतला दम गेला. एखाद्या प्रश्नावलींतलें कलम वाचावें तसें तें वाटतें.

येथें भाषांतरकारानें शब्द बाजूला ठेवून एक गोष्ट पाहावयास हवी. मूळ ओळींत दोन आवाज आहेत. पहिलें वाक्य भामट्याचें, दुसरें मित्राचें. आणि वाचक थांबतो तो या आवाजांच्या पालटामुळें. भाषांतर करावयाचें तें या पालटाचें. मराठींत तो पालट प्रश्नार्थक क्रियापदानें होत नाहीं, तर दुसऱ्याचा शब्द उचलून त्याच्यावर फेकल्यानें होतो. आपण घरांत बोलतों तसें : 'फोनवर अटक? तो पोलीस नाहींच.' पहिल्या दोन शब्दांत भामट्याचें बोलणें उचललें गेलें; पुढच्या तिहींत तें फेटाळलें गेलें. आणि शेवटच्या 'च'कडे विशेष लक्ष द्यावें. इंग्रजी पानांवर जोर दाखविण्यासाठीं शब्द मोठ्या लिपींत छापतात. देवनागरींत मोठी लिपी नाहीं. मग अक्षरें जाड करणें, लाल करणें, तीन-तीन उद्गारचिन्हें देणें असले उपाय सुरू होतात. वस्तुतः तें सर्व काम आपल्याकडे एक 'च' बिनबोभाट करीत आला आहे.

मात्र चटका साधण्याच्या भरांत दुसऱ्या टोकाला जाणारेही आहेत. 'पोलिसांचा फोन? खोटाच!' ही ओळ वरच्या ओळीपेक्षां आटोपशीर आहे, आणि चुकीची आहे. पोलीस फोन करतात. पासपोर्टच्या चौकशीसाठीं करतात, दिलेल्या तक्रारीबाबत करतात. ज्यानें ही ओळ खरी मानली, त्याला एकदां खरा फोन आला कीं सबंध मालेवरचाच त्याचा विश्वास उडेल. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें अटक ही माणसाच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करून किंवा त्याला अडवून होते, अथवा तो शब्दानें वा कृतीनें स्वतः ताब्यांत जातो तेव्हां होते. 'डिजिटल अरेस्ट' नांवाचा प्रकार कोणत्याच कायद्यांत नाहीं. म्हणजे ओळीचा सगळा भार 'अटक' या शब्दावर पडला पाहिजे, 'फोन' या शब्दावर नव्हे. आणखी एक मोह म्हणींचा. 'चोराच्या उलट्या बोंबा' हें अस्सल मराठी आहे यांत शंका नाहीं. पण तें वाचून व्हिडिओ कॉलची आठवण कोणाला होणार? म्हण ही निष्कर्षाला शोभते. वाचकाला थांबविण्यासाठीं त्याला ओळखीचा प्रसंग दिसावा लागतो.

याच विषयांत एक उलटा प्रश्न येतो. 'डिजिटल अरेस्ट' याचेंही मराठी करावें काय? आम्ही स्वतः परभाषेंतले शब्द सरसहा घेण्याच्या विरुद्ध आहों, तरी येथें तो शब्द जसाच्या तसा ठेवावा असें म्हणूं. कारण साधें आहे : भामटा फोनवर तोच शब्द उच्चारणार आहे. 'पार्सल', 'कस्टम्स', 'व्हेरिफिकेशन' हे शब्द त्याच्या तोंडचे. आजींनीं मालेंत 'अंकीय अटक' वाचली आणि फोनवर 'डिजिटल अरेस्ट' ऐकलें, तर त्या दोहोंची गांठ पडणार नाहीं व माला वाचूनही न वाचल्यासारखी होईल. भामट्याचे शब्द भामट्याचे राहूं द्यावेत. मित्राचे शब्द तेवढे मराठी असावेत.

दुसऱ्या पानाकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें, आणि तेथें एक व्यावहारिक अडचण दडलेली आहे. पहिलें पान पाहून न थांबतां पुढें गेलेल्या वाचकापुढें इन्स्टाग्राम कधीं कधीं तीच माला पुन्हां आणतें, पण या वेळीं दुसरें पान वर करून. म्हणजे दुसरें पान हेंही कोणाचें तरी पहिलेंच पान असतें. इंग्रजी दुसरें पान 'हिअर इज हाउ दे ट्रॅप यू' असें असलें आणि त्याचें 'ते तुम्हांला कसे अडकवतात ते येथें आहे' असें केलें, तर नव्यानें आलेल्या वाचकाला 'ते' कोण हें कळावयास मार्ग नाहीं. आणि एका ओळींतले दोन 'ते' एकमेकांच्या पायांत येतात तें वेगळेंच. त्याऐवजीं घटनेचा क्रमच सांगावा : 'आधीं पार्सल, मग पोलीस, शेवटीं पैसे.' ही ओळ एकटीही उभी राहते. 'प'ची पुनरावृत्ति येथें आपोआप जमली आहे. ती जमत नसतां ओढूनताणून आणण्यांत अर्थ नाहीं.

पुढच्या पानांवर मराठीच्या रचनेचा भाषांतरकाराला अडथळा होतो अशी तक्रार ऐकूं येते : आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं, इंग्रजी आज्ञा क्रियापदानेंच सुरू होते, त्यामुळें जोर मागें पडतो. आम्हांस हा अडथळा नसून भांडवल वाटतें. मालेंत एका पानाची ओळ अपुरी सोडून वाचकाला पुढचें पान सरकवावयास लावतात. इंग्रजी 'दि फर्स्ट थिंग टु डू इज…' याचें 'सर्वांत आधीं करावयाची गोष्ट म्हणजे…' असें केलें कीं तें शाळेंतल्या निबंधासारखें लांबतें. पण क्रियापद अडवून धरावें. एका पानावर 'असा फोन आला, तर आधीं…' आणि दुसऱ्यावर मोठ्या अक्षरांत 'ठेवा.' फोन ठेवणें हा आपल्या बोलण्यांतला जुना प्रयोग आहे. तो कानाला इतका सवयीचा आहे कीं अपुरी ओळ वाचकाचें मनच पुरी करूं लागतें. जें क्रियापद शेवटीं येतें तेंच येथें गाठ सोडवितें.

बाकीच्या पानांतले दोष थोडक्यांत आटोपतां येतील. 'तुमच्या विश्वासांतल्या व्यक्तीशीं बोला' याला मराठी 'घरांत कोणाला तरी सांगा', आणि जो एकटा राहतो त्याच्यासाठीं 'शेजाऱ्याला हाक मारा'. 'रक्कम हस्तांतरित केली जाऊं नये' याला 'एक पैसाही पाठवूं नका'. 'तुम्ही', 'तुमचा', 'तुमच्या' यांची रांग इंग्रजीला लागते, आपल्या क्रियापदांत ती आधींच असते. पुसून टाकली तर काहीं उणें पडत नाहीं. ओळ जमली कीं नाहीं हें पाहण्याची एक रीत आहे : ती घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाला एकदां वाचून दाखवावी व थोड्या वेळानें 'काय लिहिलें होतें?' असें विचारावें. त्यांनीं आपल्याच शब्दांत सांगितलें, तर ते शब्द बहुधा आपल्यापेक्षां चांगले असतात व पानावर तेच घालावेत. अक्षरजुळणीचीही एक गोष्ट आहे. इंग्रजीसाठीं बेतलेल्या ओळींच्या अंतरांत मराठी मजकूर ओतला कीं वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत शिरतात. तेव्हां अक्षर लहान करण्यापेक्षां एक शब्द कमी करावा.

शेवटच्या पानावर बहुधा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर असतो, आणि इंग्रजींत त्याच्या जोडीला 'गोल्डन अवर' हे शब्द येतात. त्यांचें 'सुवर्ण तास' झालेलें आढळतें. मूळ शब्द वैद्यकांतला. अपघातानंतरच्या पहिल्या तासाचा. मराठी वाचकाला 'सुवर्ण' म्हटल्यावर दागिने आठवतील, घाई आठवणार नाहीं. सांगावयाचें एवढेंच कीं पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत पळत असतात, लवकर कळविलें तर ते वाटेंत अडविण्याची शक्यता अधिक. म्हणून 'पैसे गेले? आतांच्या आतां फोन करा', आणि खालीं नंबर. तोही '१९३० ला फोन करा' असा लिहूं नये. मराठींत '१९३० ला' म्हटलें कीं डोळ्यांपुढें साल उभें राहतें. '१९३० वर फोन करा' असें लिहावें, म्हणजे तो नंबर नंबरासारखा वाचला जातो.