गोष्ट झाकून बघा : ग्राहकसेवेच्या एका प्रश्नसंचाची चिकित्सा

मागच्या महिन्यात जोतिबाला मामाकडे गेले होते. मामाचं डोंगरावर गुलाल-नारळाचं दुकान आहे. मामेबहीण तिथल्याच एका लॉजच्या रिसेप्शनवर काम करते आणि सोबत ग्राहकसेवेचा एक व्यावसायिक कोर्स करते. तिने सराव परीक्षेचा कागद माझ्यापुढे टाकला. "ताई, चौथा प्रश्न चुकला म्हणे. मी रोज हेच तर करते!"

माझं संशोधन विज्ञानशिक्षणातल्या मूल्यमापनावर आहे, त्यामुळे असा कागद समोर आला की राहवत नाही. पुढे तुमच्यापैकी अनेकजण संशोधनासाठी प्रश्नावल्या आणि चाचण्या तयार करणार आहात. म्हणून ही एका पानाची चिकित्सा. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे दोष अनेक ठिकाणी सापडतात.

गोष्ट थोडक्यात अशी. सविता लॉजच्या रिसेप्शनवर आहे. रविवारी दुपारी बारा वाजता एक कुटुंब येतं, सोबत वयस्कर आजी. त्यांनी फोनवर दोन खोल्या ठरवल्या होत्या, पण वहीत एकाच खोलीची नोंद आहे. कुटुंबप्रमुख चिडून मोठ्याने बोलतात. मागे आणखी गिऱ्हाईक उभं आहे. यावर चार-चार पर्यायांचे पाच प्रश्न आहेत: सविताने आधी काय करावं, चूक नेमकी कुठे झाली, दुसरी खोली न नोंदवल्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल पाहुण्यांशी कसं बोलावं, खोली शिल्लक नसेल तर काय करावं, आणि उत्तम ग्राहकसेवा म्हणजे काय.

मी गोष्टीवर हात ठेवला आणि फक्त प्रश्न मामाला वाचून दाखवले. मामाने असला कोर्स कधी केलेला नाही. नुसते अंदाज मारले असते, तर पाचपैकी सरासरी सव्वा प्रश्न बरोबर यायला हवेत. मामाचे चार आले. मी विचारलं, कसं काय? "अगं, वाचूनच कळतंय की. एकात भांडायचं, एकात दुर्लक्ष करायचं, एकात गप बसायचं. राहिलेलं लांबलचक आणि गोड बोलणारं, तेच बरोबर."

मामाने एका वाक्यात दोन दोष सांगितले. पहिला, चुकीचे पर्याय इतके उघड चुकीचे आहेत की कुणीच ते निवडणार नाही. 'पाहुण्यांकडे दुर्लक्ष करणे' हा पर्याय कागदावर चौथी जागा भरतो, बाकी काही करत नाही. दुसरा, बरोबर पर्याय सगळ्यांत लांब आहे. प्रश्न लिहिणारा बरोबर उत्तर बिनचूक करायला त्यात शब्द घालत जातो आणि लांबीच उत्तर फोडते. पाचवा प्रश्न तर सरळ व्याख्येचा आहे, त्याचा सविताशी संबंधच नाही.

झाकून बघण्याची ही युक्ती माझी नाही. उताऱ्यावरचे प्रश्न उतारा न वाचता सुटतात का, हे वाचन-चाचण्यांवर काम करणारे संशोधक फार पूर्वीपासून तपासत आले आहेत. कामाच्या ठिकाणचे प्रसंग देऊन 'काय कराल?' विचारणाऱ्या चाचण्यांना सिच्युएशनल जजमेंट टेस्ट म्हणतात. २०१५ मध्ये स्टेफान क्रुम आणि सहकाऱ्यांनी अशा चाचण्यांतले प्रसंगच काढून टाकून पाहिलं, तर बऱ्याच प्रश्नांच्या बाबतीत काही फरक पडला नाही. याचा अर्थ ते प्रश्न निरुपयोगी असा नाही. लोकांशी कसं वागावं याचं सर्वसाधारण ज्ञान ते मोजत असतील. पण तेवढंच मोजायचं असेल, तर अर्धं पान गोष्ट वाचायला लावण्याचं कारण उरत नाही.

आता दुसरा आणि तिसरा प्रश्न शेजारी ठेवा. दुसरा विचारतो, चूक कुठे झाली. तिसऱ्याची सुरुवातच 'दुसरी खोली न नोंदवल्यामुळे' अशी आहे. म्हणजे दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्यात छापलेलं आहे. एकाच गोष्टीवरचे प्रश्न असे एकमेकांत अडकतात, म्हणून वेनर आणि काइली यांनी १९८७ मध्ये अशा गटाकडे एकच घटक म्हणून पाहण्याचा विचार मांडला आणि त्याला टेस्टलेट हे नाव रूढ झालं. हे विसरून तुम्ही पाचही प्रश्न सुटे धरले आणि अल्फा काढला, तर तो फुगलेला येतो. चाचणी भरवशाची दिसते, प्रत्यक्षात तुम्ही एकच गोष्ट दोनदा मोजलेली असते.

मामाचा चुकलेला प्रश्न कोणता होता? चौथा. बहिणीचाही तोच.

उत्तरसूचीप्रमाणे बरोबर उत्तर असं: 'व्यवस्थापकांना कळवून ते येईपर्यंत पाहुण्यांना थांबण्याची विनंती करावी.' बहिणीने निवडलं: 'असलेली खोली लगेच द्यावी आणि दुसऱ्या खोलीसाठी जवळच्या लॉजवर फोन करावा.' तिचं म्हणणं, "आजींना उभं ठेवून मालकांची वाट बघत बसू? रविवारी मालक खाली कोल्हापुरात असतात." मामाही हेच म्हणाला.

गंमत अशी की पाचांत हा एकच प्रश्न गोष्टीवर खरोखर अवलंबून आहे, आणि नेमकी त्यालाच लागणारी माहिती गोष्टीत नाही. व्यवस्थापक लॉजवर आहेत का? दुसरीकडे सोय करायचा अधिकार सविताला आहे का? लिहिणाऱ्याच्या डोक्यात शहरातलं मोठं हॉटेल असावं, जिथे व्यवस्थापक आतल्या खोलीत बसलेला असतो. बहिणीने रिकामी जागा स्वतःच्या अनुभवाने भरली. तिचा गुण गेला तो ग्राहकसेवा कळत नाही म्हणून नाही, तर लिहिणाऱ्याचं हॉटेल तिने पाहिलेलं नाही म्हणून.

यावरचा उपाय फ्लॅनगनने १९५४ च्या लेखात मांडलेल्या पद्धतीत सापडतो. काम करणाऱ्यांकडून खरे घडलेले प्रसंग गोळा करायचे: काय घडलं, त्या माणसाने काय केलं, परिणाम काय झाला. चुकीचे पर्यायही तिथूनच मिळतात, कारण नवखी माणसं प्रत्यक्षात करतात त्या चुका मोहात पाडणाऱ्या असतात. मग उत्तरसूची अनेक अनुभवी माणसांकडून स्वतंत्रपणे सोडवून घ्यायची. त्यांचंच एकमत होत नसेल, तर प्रश्न परत लिहायचा.

आम्ही चौथा प्रश्न तिथेच दुरुस्त केला. गोष्टीत दोन वाक्यं घातली: 'मालक कोल्हापूरला गेले आहेत आणि फोन लागत नाही. खोलीचा घोळ झाल्यास शेजारच्या लॉजवर सोय करायची मुभा त्यांनी सविताला दिली आहे.' आता बहिणीचं उत्तर बरोबर ठरतं. मग उलट करून पाहिलं: मालक ऑफिसातच आहेत आणि अशी मुभा नाही. आता सूचीतलं उत्तर बरोबर. तपशील बदलला की उत्तर बदलतं, म्हणजे तो तपशील काम करतोय. 'दुपारी बारा' बदलून 'चार' केले तर काहीच बदलत नाही, म्हणजे ती नुसती सजावट.

एक मर्यादा मात्र राहते. 'काय करायला हवं' विचारलं की ज्ञान जास्त मोजलं जातं, 'तुम्ही काय कराल' विचारलं की स्वभाव जास्त डोकावतो. मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा फरक दाखवला. आमच्या कागदावर दोन्ही प्रकार सरमिसळ होते. आणि चैत्र यात्रेच्या गर्दीत आवाज न चढवता बोलता येतं का, हे दोन्हींपैकी कशातूनच कळत नाही. ते काउंटरवर उभं राहूनच बघावं लागतं.

बहिणीने दुरुस्त प्रश्न आणि दोन्ही रूपं कोर्सच्या सरांना नेऊन दाखवली. गुण वाढला नाही. सरांनी पुढच्या बॅचसाठी कागद मात्र ठेवून घेतला. तुमची पुढची प्रश्नावली मार्गदर्शकांकडे पाठवण्याआधी गोष्ट झाकून घरातल्या कुणाला तरी सोडवायला द्या. सगळं बरोबर आलं, तर परत लिहायला बसा.